हॅशरेट पडला म्हणजे नेमकं काय पडलं?

"बिटकॉइनचा हॅशरेट एका दिवसात 17 टक्के कोसळला, मायनर पळाले!" असा मेसेज अधूनमधून फिरतोच आणि लगेच कुणीतरी त्यावरून पुढच्या महिन्याचा भाव सांगायला बसतं. मायनर म्हणजे मशीन चालवून बिटकॉइनची कोडी सोडवणारे आणि त्याबदल्यात नवे कॉइन मिळवणारे लोक, आणि हॅशरेट म्हणजे ही सगळी मशीन मिळून सेकंदाला किती प्रयत्न करतात तो वेग. पण हॅशरेट मोजणारा मीटर जगात कुठेच नाहीये. कुणाच्या गोदामात किती मशीन चालू आहेत हे नेटवर्कला माहीतच नसतं. आपल्याला दिसतं ते एवढंच, की ब्लॉक, म्हणजे कोडं सुटल्यावर जोडली जाणारी व्यवहारांची गठडी, किती वेळाने सापडले आणि तेव्हा डिफिकल्टी, म्हणजे कोड्याची काठिण्यपातळी, किती होती. त्यावरून उलटं गणित करून काढलेला अंदाज म्हणजे आपल्याला दिसणारा हॅशरेट.

आता ब्लॉक सापडणं हा शुद्ध नशिबाचा खेळ. सरासरी 10 मिनिटाला एक, म्हणजे दिवसाला 144. पण फासे टाकल्यासारखं असल्याने रोज बरोबर 144 येत नाहीत, सहज 12 इकडे, 12 तिकडे होतात. एखाद्या दिवशी 120 च आले तर अंदाज लगेच 17 टक्के खाली दिसतो, आणि एकही मशीन बंद न पडता असा दिवस दीड-दोन महिन्यांतून एकदा येणारच. आठवड्याची सरासरी घेतली की हा गोंगाट 3 टक्क्यांवर येतो. म्हणून एका दिवसाच्या हॅशरेटवरून भाव सांगणं आणि कुंडलीवरून सांगणं यात मला तरी फार फरक दिसत नाही.

मग खरी घसरण कशी ओळखायची? इथे माझी सगळ्यात आवडती गोष्ट येते, डिफिकल्टीची दुरुस्ती. दर 2016 ब्लॉकनंतर नेटवर्क बघतं की हे ब्लॉक यायला किती वेळ लागला. 14 दिवस लागायला हवेत, जास्त लागले तर कोडं सोपं करायचं, कमी लागले तर अवघड. गंमत अशी की मशीन कमी झाली की ब्लॉक रेंगाळतात, त्यामुळे दुरुस्तीची तारीखच पुढे ढकलली जाते, म्हणजे नेमकी जेव्हा घाई असते तेव्हाच ही यंत्रणा आणखी हळू होते! अर्धी मशीन गेली तर 28 दिवस थांबा.

2021 मध्ये चीनने मायनिंगवर बंदी आणली तेव्हा हे प्रत्यक्ष दिसलं. मे महिन्यात 180 एक्झाहॅशच्या, म्हणजे सेकंदाला 180 अब्ज अब्ज प्रयत्नांच्या, आसपास असलेला हॅशरेट जूनअखेर साधारण निम्म्यावर आला. 3 जुलैला डिफिकल्टी 27.94 टक्क्यांनी उतरली, आजवरची सगळ्यात मोठी कपात. या आकड्याचं उलटं गणित केलं तर कळतं की त्या टप्प्यात एक ब्लॉक सरासरी 13.9 मिनिटांनी येत होता आणि 2016 ब्लॉकना 19 दिवसांहून जास्त लागले. आणि कोडं सोपं झाल्यावर जे मायनर टिकून होते त्यांना त्याच मशीनवर, त्याच विजेत सुमारे 39 टक्के जास्त कॉइन मिळायला लागले. म्हणजे एकाचा ताण हा दुसऱ्याचा बोनस.

पण ती घसरण सरकारी बंदीमुळे होती, आर्थिक नव्हती. आर्थिक ताण कसा असतो ते 2022 च्या नोव्हेंबरात बघा. भाव 16,500 डॉलरच्या आसपास, नेटवर्क अंदाजे 250 एक्झाहॅश, रोजचे नवे कॉइन 900. एक एक्झाहॅश म्हणजे दहा लाख टेराहॅश, तेव्हा 100 टेराहॅशच्या एका मशीनच्या वाट्याला दिवसाला जेमतेम 6 डॉलर. ते मशीन 3.25 किलोवॅट खातं, म्हणजे दिवसाला 78 युनिट. युनिट 5 सेंटला मिळत असेल तर वीजबिल 3.90 डॉलर, चाललं. 8 सेंट असेल तर 6.24, म्हणजे मशीन चालू ठेवलं की तोटा. वर कर्जाचा हप्ता असेल तर मायनर साठवलेले कॉइन विकतो, तेही पुरेना झाले की स्विच बंद.

क्रम मात्र बघण्यासारखा आहे. भाव तुटला नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, डिफिकल्टी 7 टक्क्यांनी उतरली 6 डिसेंबरला, आणि कोअर सायंटिफिक ही मोठी मायनिंग कंपनी दिवाळखोरीत गेली 21 डिसेंबरला. म्हणजे ताणाची खूण भावाच्या मागून आली. हॅश रिबन्स नावाची जी पट्टी लोक बघतात ती तर हॅशरेटच्या 30 आणि 60 दिवसांच्या सरासरीची तुलना, ती आणखी उशिरा हलते. तिच्यावरून उद्याचं काही कळणार नाही, फार तर एवढंच की महागड्या विजेवाले गळून गेलेत आणि त्यांची विक्री ओसरत आली असावी. तेही बिटकॉइनपुरतं, कारण इथेरियमने सप्टेंबर 2022 मध्ये मायनिंगच सोडून दिलं, तिथे बघायला हॅशरेटच उरला नाही.

शिवाय भावाच्या मोठ्या चक्रांची संख्याच हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यातून नियम काढायचा म्हणजे अवघडच. आणि प्रत्येक घसरण ताणाचीच असते असंही नाही. त्याच 2022 च्या नाताळात अमेरिकेत हिमवादळ आलं, ग्रीडवरचा भार कमी करायला टेक्सासमधल्या मायनरांनी मशीन बंद केली, हॅशरेट झपकन तिसऱ्या भागाने वगैरे खाली गेला. भाव जिथल्या तिथे. थंडी ओसरली, मशीन परत चालू, आणि आलेख पुन्हा वर.