कोलेस्टेरॉल, संपृक्त शृंखला आणि ‘तरलता’ या शब्दाचा गुंता

पेशीपटल द्रवासारखं वाहतं, हे १९७२च्या फ्लुइड मोझेइक मॉडेलने पक्कं केलं. लिपिडच्या, म्हणजे चरबीसारख्या रेणूंच्या, दुहेरी थराची कल्पना १९२५पासून होतीच, आणि कोलेस्टेरॉल मिसळलं की लिपिडचा एकेरी थर आकसतो हेही त्याच सुमारास दिसलं होतं.

आकसणं आणि घट्ट होणं एकच, असं मात्र नाही. डीपीपीसी या लिपिडच्या दोन्ही शेपट्या, म्हणजे कार्बनच्या शृंखला, संपृक्त म्हणजे दुहेरी बंध नसलेल्या, सोळा कार्बनच्या. शुद्ध डीपीपीसीचा थर उष्णतामापकात हळूहळू तापवला, की ४१ अंशांना आलेखावर एक उंच, निमुळतं शिखर उमटतं. तिथे गोठलेला थर वितळतो. कोलेस्टेरॉल वाढवत नेलं तसं शिखर बुटकं आणि पसरट होतं, आणि निम्मे रेणू कोलेस्टेरॉलचे झाले की जवळजवळ नाहीसंच होतं. ४१च्या खाली कोलेस्टेरॉलचं ताठ कडं शेपट्यांच्या रांगा मोडतं, वर त्याच शेपट्यांना सरळ धरून ठेवतं. अठरा कार्बनच्या दोन संपृक्त शेपट्यांचा थर ५५ अंशांना वितळतो; प्रत्येक शेपटीत मधोमध एक सिस दुहेरी बंध आला, की तिथे बाक पडतो आणि थर शून्याखालीही द्रवच राहतो.

‘कोलेस्टेरॉल तरलता सांभाळतं’ हे पाठ्यपुस्तकी वाक्य इथूनच आलं. मला ते अपुरं वाटतं, कारण तरलता म्हणून आपण दोन वेगळ्या गोष्टी सांगतो: शेपट्या किती सरळ, आणि रेणू थरातून किती वेगाने सरकतात. बरीच वर्षं तरलता मोजली जायची ती थरात सोडलेल्या चकाकत्या रेणूच्या डुलण्यावरून. त्यातून मुख्यतः शेपट्यांची शिस्त कळते, सरकण्याचा वेग नाही. कोलेस्टेरॉलयुक्त थरात शेपट्या जवळजवळ गोठलेल्या थराइतक्या सरळ असतात, तरी रेणू द्रवासारखे सरकतात; नेहमीच्या द्रव थरापेक्षा थोडेच हळू. १९८७मध्ये या अवस्थेला ‘द्रव-क्रमबद्ध’ हे वेगळं नाव मिळालं, ते योग्यच झालं. दहा वर्षांनी लिपिड राफ्टची, म्हणजे पेशीपटलात तरंगणाऱ्या कोलेस्टेरॉलयुक्त तुकड्यांची, चर्चा याच अवस्थेवर उभी राहिली. जिवंत पेशीत राफ्ट किती टिकतात, यावर अजून एकमत नाही.

त्याहून अवघड वाद शेपटीच्या बाकाचा आहे. २००८च्या सुमारास क्ष-किरणांच्या मोजणीत दिसलं, की कोलेस्टेरॉलमुळे संपृक्त लिपिडचा थर वाकायला कठीण होतो, पण दोन्ही शेपट्यांत सिस बंध असलेल्या डीओपीसीच्या थरावर तसा परिणाम होत नाही. २०२०मध्ये न्यूट्रॉनच्या मोजणीत तोच थर कोलेस्टेरॉलने स्पष्ट ताठरलेला आढळला. न्यूट्रॉन अतिसूक्ष्म अंतरावरची, नॅनोसेकंदांतली थरथर टिपतात, तर इतर पद्धती मोठ्या आणि संथ लहरींचं वाकणं पाहतात. दोघांची मोजणी खरी असू शकते, कारण ‘ताठरपणा’ हा शब्दही ‘तरलते’सारखाच एकटा पुरत नाही.