कवड्यांचा दानशूर आणि तिसावा दिवस

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (1150) एक दाता आहे. पहिल्या दिवशी त्याने याचकाला दोन कवड्या दिल्या आणि पुढे रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट देण्याचं वचन दिलं. महिनाभरात त्याने किती निष्क दिले, असा प्रश्न. 20 कवड्यांची एक काकिणी, 4 काकिणींचा एक पण, 16 पणांचा एक द्रम्म आणि 16 द्रम्मांचा एक निष्क. म्हणजे एका निष्कात 20,480 कवड्या. आपल्याला पाढे पाठ करायचा कंटाळा. त्या काळच्या पोराला हे कोष्टकही पाठ असावं लागे.

रोजच्या दानाचे आकडे लिहू: 2, 4, 8, 16, 32... लागोपाठच्या दोन आकड्यांचं गुणोत्तर कायम तेच, म्हणून ही भूमितीय श्रेढी. पण ‘आदल्या दिवसाच्या दुप्पट’ या वर्णनात एक अडचण आहे. तिसाव्या दिवसाचं दान सांगायचं तर आधी एकोणतिसाव्याचं माहीत हवं, त्यासाठी अठ्ठाविसाव्याचं, असं मागे मागे जावं लागतं. त्याऐवजी दिवसाचा क्रमांक थेट घातांकात ठेवला की मागे बघायची गरज उरत नाही: n व्या दिवशी 2ⁿ कवड्या. श्रेढी तीच, पण आता ती घातांकी फलन झाली. कोणताही दिवस सांगा, उत्तर लगेच. इथे पहिलं दान दोनच असल्यामुळे घातांक आणि दिवस नेमके जुळले. दात्याने एका कवडीने सुरुवात केली असती तर n व्या दिवशी 2ⁿ⁻¹ आलं असतं. परीक्षेत सगळ्यात जास्त गुण याच एकाच्या फरकाने जातात.

आता तिसावा घात काढायचा कसा? एकोणतीस वेळा दुप्पट करता येईल, पण भास्कराचार्य तसं करायला सांगत नाहीत. ते म्हणतात, पदांची संख्या घ्या (तिला ते ‘गच्छ’ म्हणतात). ती सम असेल तर निम्मी करा आणि बाजूला ‘वर्ग’ लिहा. विषम असेल तर एक वजा करा आणि ‘गुण’ लिहा. शून्य येईपर्यंत हेच.

30 चे 15 (वर्ग), 15 चे 14 (गुण), 14 चे 7 (वर्ग), 7 चे 6 (गुण), 6 चे 3 (वर्ग), 3 चे 2 (गुण), 2 चा 1 (वर्ग), 1 चा 0 (गुण).

मग खालून वर यायचं. सुरुवात एकापासून. ‘गुण’ दिसला की दोनने गुणायचं, ‘वर्ग’ दिसला की वर्ग करायचा: 2, 4, 8, 64, 128, 16,384, 32,768 आणि शेवटी 1,07,37,41,824. आठ पायऱ्यांत तिसाव्या दिवसाचं दान हातात. शेवटचा वर्ग मात्र हाताने करून बघा, घाम फुटतो! ही युक्ती भास्कराचार्यांच्याही कितीतरी आधीची आहे. प्राचीन छंदशास्त्रकार पिंगलाच्या छंदःसूत्रात ती सापडते. मोठे घात काढताना आजचे संगणकही तत्त्वतः हेच करतात.

पण प्रश्न तिसाव्या दिवसाचा नव्हता, महिनाभराच्या बेरजेचा होता. तिथे खरी गंमत आहे. रोजच्या रोज एकूण किती झालं ते मांडा: 2, 6, 14, 30, 62. या आकड्यांची गुणोत्तरं काढली तर 3, मग साधारण 2.33, 2.14, 2.07. ती दर दिवशी घसरतात. दात्याचा कारभारी नुसत्या एकूण खर्चाच्या वहीकडे बघत असता, तर ‘वाढ मंदावतेय’ म्हणून निश्चिंत झाला असता. प्रत्यक्षात काहीच मंदावलेलं नाही. प्रत्येक एकुणात दोन मिळवा: 4, 8, 16, 32, 64. दुप्पट पुन्हा जशीच्या तशी दिसते. म्हणजे बेरीजही घातांकी फलनच आहे, फक्त दोनने खाली सरकलेलं. बेरीज हाती लागली आणि गुणोत्तर स्थिर दिसलं नाही, तर लागोपाठच्या बेरजांमधले फरक काढावेत. त्या फरकांचं गुणोत्तर स्थिर आलं, की समजावं आत श्रेढी भूमितीय आहे.

हेच वेगळ्या शब्दांत सांगायचं तर आजवर दिलेलं सगळं दान उद्याच्या दानापेक्षा नेमकं दोन कवड्यांनी कमी असतं. पिंगलानेही याच जातीचा नियम दिला आहे. n अक्षरांच्या चरणात लघु-गुरूंच्या 2ⁿ रचना होतात. एका अक्षरापासून n अक्षरांपर्यंतच्या सगळ्या मिळून किती, तर शेवटच्या संख्येची दुप्पट, वजा दोन. आठ अक्षरांसाठी 256 ची दुप्पट 512, त्यातून दोन गेले की 510.

गुणोत्तर दोन नसेल तर? ‘लीलावती’तलंच दुसरं उदाहरण: पहिल्या दिवशी 2, रोज तिप्पट, सात दिवस. दानं अशी: 2, 6, 18, 54, 162, 486, 1458. या सगळ्या ओळीला तीनने गुणा. 6 पासून 1458 पर्यंतची पदं दोन्ही ओळींत येतात, आणि वजाबाकी केली की ती एकमेकांना खाऊन टाकतात. उरतात फक्त दोन टोकं: 4374 वजा 2, म्हणजे 4372. ही बेरजेची दुप्पट आहे, कारण तिप्पटीतून एकपट वजा केली. म्हणून बेरीज 2186. भास्कराचार्यांचा नियम नेमकं हेच सांगतो: गुणोत्तराचा गच्छाइतका घात काढा, एक वजा करा, ‘गुणोत्तर वजा एक’ने भागा, पहिल्या पदाने गुणा. गुणोत्तर एक असेल तर मात्र भागाकार शून्याने होतो आणि नियम बसतो हात टेकून. तिथे रोजचं दान सारखंच, त्यामुळे बेरीज सरळ रेषेत वाढते आणि घातांकाचा संबंधच उरत नाही.

तर महिन्याचं उत्तर: 1,07,37,41,824 मधून एक वजा, एकाने भागायचं म्हणजे तेच, आणि दोनने गुणून 2,14,74,83,646 कवड्या. निष्कांत सांगायचं तर 1,04,857 निष्क, 9 द्रम्म, 9 पण, 2 काकिणी आणि 6 कवड्या.

कुणी विचारेल, अडीच दिवसांनी किती? सम-विषम करत शून्यापर्यंत जाण्याची रीत इथे पहिल्याच पायरीला अडते. बेरजेच्या आलेखातल्या वक्राला मात्र अडीचही चालतं: 2·2ˣ − 2 मध्ये अडीच घातले तर सुमारे 9.3 येतं. पण दाता रोज एकदाच देतो. दुसऱ्या दिवशीच्या दानानंतर खात्यात 6 असतात आणि तिसऱ्या दिवशी आठ कवड्या पडताच एकदम 14. मधल्या वेळात सहाच. तो वक्र ठिपक्यांमधून बरोबर जातो, ठिपक्यांच्या मधे काय घडतं ते त्याला ठाऊक नसतं. एक ठिपका मात्र त्याने न विचारता दिला: x शून्य ठेवलं की बेरीज शून्य. दान सुरूच झालं नव्हतं, तेव्हा तेवढंच असायला हवं.

जाता जाता, महिन्याच्या उत्तरात एक मिळवला की 2,14,74,83,647. संगणकात 32 बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात मावणारी ही सगळ्यात मोठी संख्या. महिना एकतीस दिवसांचा धरला असता, तर भास्कराचार्यांचं उत्तर त्यात मावलं नसतं.