आंब्याची कोय लावावी की कलम घ्यावं?

मे-जूनमध्ये रोपवाटिकेत येणाऱ्या दर दुसऱ्या ग्राहकाचा हा प्रश्न असतो. "हापूस खाल्ला, कोय कुंडीत टाकली, चांगली उगवलीय. याला हापूसच लागणार ना?" गर्दीत याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

हापूस लागणार नाही. आंबा लागेल, पण तो कसा असेल हे झाड फळावर येईपर्यंत कुणालाच सांगता येत नाही.

कारण फळातच आहे. आपण खातो तो गर आईझाडाचा असतो. झाड हापूसचं असेल तर त्यावरचं प्रत्येक फळ हापूसच, मग परागकण कुठूनही आलेले असोत. आतल्या कोयीचं तसं नाही. मोहोरावर माश्या आणि इतर कीटक बसतात आणि बांधावरच्या रायवळाचे, शेजारच्या तोतापुरीचे, मिळतील ते परागकण आणून सोडतात. त्यातून कोयीतला गर्भ तयार होतो, म्हणजे कोय दोन झाडांचं मूल असते. गर गोड होता म्हणून कोयीचं झाडही गोड निघेल, हा हिशेब इथेच चुकतो. समजा परागकण हापूसचेच मिळाले, तरी हापूस स्वतःच मिश्र वाणाचा असल्यामुळे त्याची मुलंही एकसारखी निघत नाहीत.

कोकण कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ला केंद्रावर नीलम आणि हापूस यांचा मुद्दाम संकर करून 'रत्ना' ही जात काढली आणि 1981 साली ती शेतकऱ्यांना दिली. तिथे आई-बाप दोन्ही माहीत होते. तरीही संकरातून उगवलेली झाडं वाढवून, फळं पारखून त्यातलं एक निवडावं लागलं. ते मनासारखं मिळाल्यावर त्याची वाढ केली ती कलमानेच. तेव्हा अंगणातल्या एका कोयीवर किती भरवसा ठेवायचा ते तुम्हीच ठरवा. अर्थात, नावाजलेल्या बहुतेक जुन्या जातीही कधीतरी कोयीतूनच अशा योगायोगाने निघाल्या आहेत. कोयीच्या झाडाचं फळ वाईटच असतं असं नाही. पण बहुतेकदा ते दोऱ्याचं, मोठ्या कोयीचं आणि कमी गराचं निघतं, आणि ते कळायला सात-आठ, कधी दहा वर्षंही जातात.

याला एक अपवाद आहे. मलबार किनाऱ्याकडच्या ओलूर, वेल्लईकोलुंबन अशा काही जातींच्या एकाच कोयीतून दोन-तीन कोंब निघतात. त्यातले बरेचसे थेट आईच्याच पेशींपासून वाढलेले असल्याने आईसारखे निघतात. आपल्या घरी येणारे हापूस, केशर, लंगडा यांत मात्र एका कोयीत एकच गर्भ असतो, म्हणून ही सोय नाही.

कलमाचं गणित सरळ आहे. खाली कोयीचं रोप, त्याला आम्ही खुंट म्हणतो. वर खात्रीच्या झाडाची कलमकाडी. काडी त्या झाडाचाच तुकडा असल्याने फळ त्याच झाडासारखं येतं. पहिली तीन वर्षं मोहोर खुडून झाड वाढू द्यायचं आणि चौथ्या वर्षापासून फळ घ्यायचं. पण कलम फक्त जात देतं, माती आणि हवा देत नाही. तासगाव, कवठेमहांकाळ, जतकडच्या कोरड्या भागात हापूसचं कलम तग धरतं, पण फळात कोकणची चव उतरेलच असं नाही. शिवाय फळात साका होण्याची तक्रार आणि एक वर्षाआड बहर येण्याची सवय हापूसबरोबरच येते. त्यामुळे या भागात आम्ही आधी केशर सुचवतो. हापूस मागितलात तर देऊ, पण हे सांगूनच.

"तुम्ही दिलेलं कलम खोटं निघालं"

ही तक्रार खरी वाटण्यासारखी असते, म्हणून त्यातली एक सविस्तर सांगतो. एका ग्राहकांनी केशर म्हणून नेलेल्या झाडाला सहाव्या वर्षी बारीक, आंबट, दोऱ्याची फळं लागली. जाऊन पाहिलं तर जमिनीलगत दोन खोडं होती. बारीक खोडावर जोडाची गाठ होती आणि त्याच्या दोन फांद्यांना केशर लागला होता. जाड खोड गाठीच्या खालून फुटलेलं होतं. खुंटाची फूट वेळीच काढली नव्हती. खुंट मुळाजवळ आणि जोमदार, त्यामुळे तो वाढत गेला आणि कलम सावलीत कोंडलं. जाड खोड एकदम न काढता दोन टप्प्यांत छाटलं, कापावर बोर्डो पेस्ट लावली, आणि केशर पुन्हा वर आला. काडी पूर्ण मेली असती तर हा उपाय चालला नसता.

तेव्हा पहिली दोन-तीन वर्षं दर महिन्याला खाली वाकून बघा. गाठीच्या खाली पालवी दिसली की कोवळी असतानाच बोटाने खुडा. लावताना गाठ मातीच्या वर किमान वीतभर ठेवा. ती पुरली गेली तर तिथे कुजही लागते आणि खुंटाची फूटही लक्षात येत नाही.

कोय उगवलीच आहे, तर?

फेकू नका, तिचा खुंट करा. कोरड्या रानात तर जागेवर कलम बांधणं उलट फायद्याचं, कारण पिशवीतल्या रोपाचं सोटमूळ गुंडाळतं, जागेवरचं मात्र सरळ खोल जातं. आंबा खाल्ल्यावर कोय धुऊन एक-दोन दिवस सावलीत ठेवा आणि लगेच लावा. उन्हात वाळवून किंवा महिनाभर ठेवून लावलेली कोय बहुधा उगवत नाही. खड्ड्यात दोन-तीन कोयी आडव्या टाका, वर दोन बोटं माती येऊ द्या, पुढे एकच जोमदार रोप ठेवा.

पुढच्या पावसाळ्यात रोप पेन्सिलीएवढं जाड झालं आणि शेंड्याला तांबूस कोवळी पालवी आली की आम्हाला कळवा. कलमकाडी तीन-चार महिन्यांची, तेवढ्याच जाडीची आणि डोळा फुगलेली हवी. तिची पानं आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून कापतात, म्हणजे डोळा भरतो. खुंटाच्या कोवळ्या शेंड्यात चीर देऊन काडी पाचरीसारखी बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. दोन-तीन आठवड्यांत डोळा फुटला तर कलम लागलं. काडी काळी पडली तर गेलं, तरी खुंट हातचा राहतो आणि पुढच्या पालवीवर पुन्हा बांधता येतं. पट्टी मात्र दोन-तीन महिन्यांनी आठवणीने चिरा, नाहीतर ती सालीत रुतून वरचा भाग वाऱ्यात मोडतो.

आमच्याकडून किंवा दुसरीकडून कलम घेताना तीन गोष्टी बघा. खोडावर जोडाची गाठ दिसली पाहिजे आणि तिथून वरची-खालची साल वेगळी ओळखू आली पाहिजे. गाठीच्या वर किमान दोनदा पालवी येऊन पिकलेली असावी, नुकतं बांधलेलं कलम घेऊ नका. आणि पिशवीच्या तळातून जाड मूळ बाहेर आलं असेल तर दुसरी पिशवी मागा. आम्ही बदलून देतो.