ग्राहकाचा अभिप्राय वेबसाइटवर टाकण्याआधी त्याला विचारायचं, हे आलं कुठून?

मी नागपुरात छोट्या दुकानांच्या वेबसाइट बनवतो, बर्डी, महाल, सक्करदरा, असाच एरिया. दर वेळी एकच सीन होतो. साइट तयार होते, मालक खूश, अन् खाली 'आमचे समाधानी ग्राहक' नावाचा भाग असतो ज्यात विकत घेतलेल्या थीमसोबत आलेले तीन गोरे लोक हसत उभे असतात. मालक म्हणतो, "हे राहू द्या ना भाऊ, फक्त नावं बदला." म्हणजे त्या गोऱ्याच्या फोटोखाली 'राहुल, नागपूर' अन् 'सर्व्हिस एकदम बेस्ट'. सुरुवातीच्या काळात मी पण हे केलेलं आहे, खोटं कशाला बोलू. एकदा एका गिऱ्हाइकाने तोच हसरा माणूस पुण्याच्या एका दातांच्या दवाखान्याच्या साइटवर पाहिला आणि स्क्रीनशॉट पाठवला, तिथं त्याचं नाव वेगळं होतं. तेव्हापासून बंद केलं. मग हे नियम आले कुठून हे शोधत बसलो, त्यातलं जे कामाचं वाटलं ते इथं लिहितोय.

वकिलांच्या पुस्तकात ही गोष्ट बहुतेक वेळा १९०२ पासून सुरू होते. न्यूयॉर्क राज्यात अबिगेल रॉबरसन नावाच्या एका मुलीचा फोटो एका पिठाच्या कंपनीच्या जाहिरातीवर छापला गेला, तिला न विचारता, जवळपास २५ हजार प्रती. ती कोर्टात गेली आणि हरली, कारण कोर्ट म्हणालं की असा काही हक्क कायद्यात नाहीच. लोकं चिडली, आणि पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, तिथल्या विधिमंडळाने कायदा केला की कोणाचंही नाव किंवा फोटो जाहिरातीसाठी वापरायचा तर त्याची लेखी परवानगी पाहिजे. 'लेखी' हा शब्द तेव्हापासूनचा आहे.

पण मला खरी भारी वाटली ती दुसरी केस, कारण ती अभिप्रायाचीच आहे. पाओलो पावेसिच, अटलांटा शहरातला एक चित्रकार. १९०३ मध्ये त्याने पेपर उघडला तर एका विमा कंपनीच्या जाहिरातीत त्याचाच फोटो. शेजारी दुसरा फोटो, एका आजारी, फाटक्या कपड्यातल्या माणसाचा. पावेसिचच्या फोटोवर लिहिलेलं की याने विमा घेतला, दुसऱ्यावर की याने घेतला नाही. आणि पावेसिचच्या फोटोखाली त्याच्याच तोंडी वाक्य की मी चांगल्या दिवसांत या कंपनीचा विमा घेतला म्हणून आज माझं कुटुंब सुरक्षित आहे. त्या माणसाने त्या कंपनीचा विमा कधी घेतलाच नव्हता! फोटोची निगेटिव्ह एका फोटोग्राफरकडून परस्पर मिळवलेली. त्याने २५ हजार डॉलरचा दावा ठोकला, खालच्या कोर्टात हरला, आणि १९०५ मध्ये जॉर्जिया राज्याच्या सुप्रीम कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला.

निकालात दोन गोष्टी वेगवेगळ्या धरल्यात, आणि आपल्या कामाला दोन्ही लागतात. एक, फोटो परवानगीशिवाय वापरला, म्हणजे त्याच्या खाजगीपणावर घाला. दोन, त्याच्या तोंडी खोटं वाक्य टाकलं, आणि त्याच्या ओळखीच्या लोकांना तर माहीत होतं की याचा विमा नाही, म्हणजे त्यांच्यासमोर तो खोटारडा ठरला. हे दुसरं मी आधी कधी विचारातच घेतलं नव्हतं. आपल्याला वाटतं खोट्या अभिप्रायाने वाचणारा फसतो, बस. पण ज्याचं नाव टाकलं तो त्याच्या मोहल्ल्यात, नातेवाइकांत तोंडघशी पडतो ते वेगळंच. आणि निगेटिव्हचं म्हणाल तर आजची निगेटिव्ह म्हणजे व्हॉट्सअॅपचा डीपी. नंबर सेव्ह आहे, फोटो दिसतोय, घेतला कापून अन् टाकला साइटवर, दहा सेकंदांचं काम. त्या माणसाने तो आपल्या लोकांसाठी लावलाय, तुमच्या जाहिरातीसाठी नाही.

आपल्याकडे परवानगीचा धागा कोर्टातूनच आला. १९९४ च्या राजगोपाल केसमध्ये सुप्रीम कोर्टाने लिहून ठेवलंय की माणसाचं नाव किंवा चेहरा त्याच्या संमतीशिवाय जाहिरातीसाठी वापरला तर खाजगीपणाच्या हक्काचा भंग होतो. मग २०१७ चा पुट्टस्वामी निकाल, ज्याने खाजगीपणा मूलभूत हक्क ठरवला, त्या नऊ न्यायाधीशांत आपल्या नागपूरचे शरद बोबडे पण होते, हे जाता जाता.

खरेपणाचा धागा मात्र वेगळ्या रस्त्याने आला, ग्राहक कायद्यातून. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जाहिरातीच्या व्याख्येत इंटरनेट अन् वेबसाइट स्पष्ट धरलेली आहे, म्हणजे 'साइट आमची स्वतःची आहे, ती जाहिरात थोडी आहे' हे चालत नाही. आणि त्याच कायद्याखाली निघालेल्या ९ जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलंय की केलेली शिफारस त्या माणसाचं खरं मत पाहिजे, बऱ्यापैकी ताजं पाहिजे, आणि वस्तू वापरल्याच्या अनुभवावर किंवा पुरेशा माहितीवर आधारलेलं पाहिजे. दिशाभूल केल्याचं ठरलं तर पहिल्याच वेळी दंड दहा लाखांपर्यंत जाऊ शकतो. अजून एक, जे कोणी वाचत नाही, की खालचा खुलासा त्याच भाषेत पाहिजे ज्या भाषेत दावा केलाय. मराठीत अभिप्राय अन् खाली बारीक इंग्रजीत 'अटी लागू', असं नाही.

'ताजं' या शब्दावर मला थांबायचंय, कारण तो मला एका कुलरवाल्याकडे नीट कळला.

हा माणूस दक्षिण नागपुरात कुलर बनवतो, लोखंडी बॉडी, बाजूला वूडवूलच्या किंवा खसच्या ताट्या, नेहमीचं. त्याला साइटवर अभिप्राय पाहिजे होते. मी म्हटलं, तुमच्या फोनमध्ये लोकांनी स्वतःहून काय पाठवलं ते दाखवा. एका रिटायर्ड शिक्षिका काकूंचा मेसेज होता, साधारण असा: "दादा कुलर चांगला चालला. आमचा वरचा मजला आहे तरी मे मध्ये रात्री झोप लागली. पहिल्या आठवड्यात पंप आवाज करत होता पण तुमचा मुलगा येऊन बदलून गेला. खिडकी उघडी ठेवावी लागते."

मालकाला पंपाचं वाक्य काढायचं होतं, खिडकीचं पण. मी म्हटलं पंपाचं राहू द्या, खराब झाला अन् बदलून दिला हीच तर तुमची सर्व्हिस आहे, नुसतं 'सर्व्हिस बेस्ट' लिहिलेलं कोण वाचतं. आणि खिडकीचं तर काढूच शकत नाही, कारण कुलर हवा पाण्यावरून ओढून थंड करतो, आत आलेली दमट हवा बाहेर जायला जागा नसेल तर थोड्या वेळाने खोलीत नुसती चिकचिक. ते वाक्य कापलं तर बंद खोलीवाला माणूस वाचून कुलर घेईल अन् तुम्हालाच शिव्या घालेल. तसंच महिन्याचं. मे मध्ये आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो पण हवा कोरडी असते, कुलर तेव्हा भारी चालतो, अन् जुलैत दमट हवेत तोच कुलर पंख्याएवढा. म्हणून अभिप्रायाखाली 'मे, वरचा मजला' हे लिहिलंच पाहिजे, नुसतं 'मस्त थंड होतं' लिहिलं तर खरं वाक्य असून खोटं होतं.

अमेरिकेतल्या व्यापार आयोगाने २००९ मध्ये हीच गोष्ट वेगळ्या भाषेत केली होती. १९८० पासून त्यांचे अभिप्रायाबद्दलचे नियम आहेत, त्यात एक पळवाट होती की एखाद्याचा जबरदस्त अनुभव छापा अन् खाली लिहा 'सगळ्यांना असंच होईल असं नाही', झालं. २००९ ला ती पळवाट बंद केली, आता साधारण माणसाला काय मिळेल ते सांगावं लागतं. वजन कमी करायच्या जाहिराती डोळ्यासमोर आणा म्हणजे कशासाठी ते लगेच कळेल.

तर काकूंना मी मालकाकडून हा मेसेज करायला लावला: "काकू, तुम्ही पाठवलेलं हे लिहिणं आमच्या वेबसाइटवर टाकू का? असंच्या असं टाकतो, खाली महिना टाकतो. नाव कसं लिहू, पूर्ण की फक्त आडनाव? एरिया लिहू का? फोटो चालेल का? नको असेल तर काही हरकत नाही, अन् नंतर काढायचं असेल तर कधीही सांगा." प्रश्न वेगवेगळे विचारले, हे मुद्दाम. एकच 'परवानगी आहे ना?' विचारलं की लोकं भिडेखातर हो म्हणतात अन् मग फोटो पाहून फोन येतो. काकूंचं उत्तर आलं की नाव फक्त आद्याक्षरं, फोटो नको, एरिया नुसता 'दक्षिण नागपूर', लिहिणं चालेल. त्यांना काही सूट वगैरे दिली होती का हे पण मी मालकाला विचारलं, दिली नव्हती, दिली असती तर ते पण तिथंच लिहावं लागलं असतं. मूळ मेसेज, तिचा होकार, बिलाची तारीख, तिन्हीचे स्क्रीनशॉट एका फोल्डरमध्ये. बिल याच्यासाठी की वर्षभराने कोणी विचारलं हे गिऱ्हाईक खरं आहे का, तर दाखवता आलं पाहिजे.

मालकाला मग अभिप्रायासोबत गूगलमध्ये पाच पिवळे स्टार पण पाहिजे होते, कोणीतरी सांगितलं होतं. पूर्वी स्वतःच्या साइटवरच्या अभिप्रायांना कोड लावून ते दिसायचे, पण दुकानाने स्वतःच्याच साइटवर स्वतःबद्दल टाकलेल्या अभिप्रायांचे स्टार गूगलने सप्टेंबर २०१९ पासून दाखवणं बंद केलं. अजूनही हे काम सांगून पैसे घेणारे भेटतात.

गडबड एकच झाली. फेब्रुवारीत मालकाने तेच वाक्य ऑटोच्या मागच्या फ्लेक्सवर छापलं. काकूंनी नंदनवनजवळ तो ऑटो पाहिला अन् सरळ फोन केला, रागावल्या नाहीत पण म्हणाल्या, "मी वेबसाइटला हो म्हटलं होतं, हे काऊन लावलं?" बरोबर होतं त्यांचं, आम्ही फ्लेक्सचं विचारलंच नव्हतं. मालकाने माफी मागितली, फ्लेक्स उतरवला, आणि आता मेसेजमध्ये 'कुठे कुठे' असा एक प्रश्न वाढला आहे.

या मार्चमध्ये, नवीन सीझन सुरू व्हायच्या आधी, जुने अभिप्राय अजून खरे आहेत का म्हणून सगळ्यांना परत एकदा मेसेज टाकले. काकूंचं उत्तर आलं: "दादा, मुलाने एसी घेतला, कुलर भाच्याला दिला. आता काढून टाका." काढलं. भाच्याला विचारायचं आहे, पण त्याचा मे अजून यायचा आहे.