ब्रँड किट (एकट्या शिक्षकाचा)

खासगी शिकवणी घेणारा शिक्षक आपल्या पोस्टसाठी रंग, फाँट आणि टेम्प्लेट कायमचे ठरवून ठेवतो, त्या संचाला ब्रँड किट म्हणतात.

या पद्धतीचा उगम सहसा १९०७ मध्ये दाखवला जातो. त्या वर्षी पीटर बेरेन्स जर्मनीतील एईजी कंपनीचे कलासल्लागार झाले आणि त्यांनी कंपनीच्या चिन्हापासून इमारतींपर्यंत एकच दृश्यशैली आणली. काही अभ्यासक मात्र लिखित नियमपुस्तिकेला अधिक महत्त्व देतात. त्यांच्या दृष्टीने न्यूयॉर्क भुयारी रेल्वेची १९७० ची पुस्तिका हा जवळचा पूर्वज ठरतो. एकट्या शिक्षकापुरता दुसरा पक्ष अधिक पटतो, कारण पोस्ट दर वेळी नव्याने बनते आणि एकसारखेपणा टिकतो तो लिहून ठेवलेल्या नियमामुळेच. ‘ब्रँड किट’ हे नाव बहुधा कॅन्व्हासारख्या साधनांमुळे रूढ झाले.

मराठीत खरी अडचण फाँटची येते. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधला मजकूर दुसरीकडे चिकटवला की निरर्थक अक्षरे उमटतात, म्हणून युनिकोड फाँटच घ्यावा. तेवढ्यानेही भागत नाही. अनेक फाँटमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात. फाँटमध्ये मराठी वळण असले, तरी मजकुराची भाषा मराठी आहे हे साधनाला कळले नाही, तर ते उमटत नाही. निवडीपूर्वी ‘शाळा, लसावि, तऱ्हा, दुसऱ्या’ हे शब्द लिहून पाहावेत. ‘ऱ्ह’ किंवा ‘ऱ्या’ फुटत असेल तर तो फाँट सोडावा. ओळींमधले अंतर अक्षराच्या आकाराच्या सुमारे दीडपट ठेवावे, नाहीतर खालचा उकार पुढच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो.

दहावीचे गणित शिकवणाऱ्या शिक्षिकेचे किट उदाहरणादाखल घेऊ. गडद निळा `#1B2A5C`, पिवळा `#FFC107` आणि पांढरा एवढे तीनच रंग. पिवळ्यावर पांढरी अक्षरे उजळपणात जेमतेम १.६ : १ एवढाच फरक देतात. साध्या मजकुरासाठी ४.५ : १ अपेक्षित असल्याने ती उन्हात वाचता येत नाहीत. पिवळ्यावर निळी अक्षरे घेतली की हाच फरक ८ च्या वर जातो. शीर्षकाला मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा बलू २, मजकुराला त्यांचाच मुक्ता. सूत्रांत इंग्रजी अंक, तारीख-वेळेत देवनागरी, हाही नियम किटमध्येच लिहिलेला.

टेम्प्लेट तीन: रोजचे उदाहरण, त्याचे उत्तर, बॅचची सूचना. आकार १०८० × १३५० पिक्सेल. फोनवर हे चित्र साधारण एक तृतीयांश रुंदीचे दिसते, त्यामुळे ३६ पिक्सेलचे अक्षर १२ एवढेच भासते; टेम्प्लेटमध्ये ३६ हून लहान अक्षर वापरू नये. उदाहरण चौकटीत मावत नसेल तर अक्षर बारीक न करता दुसरे पान जोडावे. किट मोडते ते बहुतेकदा इथेच: घाईत एका पोस्टचे अक्षर लहान केले जाते आणि पुढच्या वेळी मूळ टेम्प्लेटऐवजी तीच पोस्ट कॉपी होते. मूळ प्रती कुलूपबंद ठेवणे हा त्यावरचा उपाय.