रेषीय प्रायोजन: शाब्दिक उदाहरणाची मांडणी आणि आलेखावरची उकल

रेषीय प्रायोजन, म्हणजे वर्गातल्या बोलीत ‘एलपी’, ही मर्यादित साधनांतून जास्तीत जास्त नफा किंवा कमीत कमी खर्च साधणारी वाटणी शोधण्याची गणिती पद्धत आहे. त्यात उद्दिष्ट आणि सगळ्या मर्यादा पहिल्या घाताच्या समीकरणांत किंवा असमिकांत बसाव्या लागतात. सोव्हिएत गणिती लिओनिद कांतोरोविच यांनी १९३९ मध्ये प्लायवूडच्या कारखान्यातल्या यंत्रवाटपाच्या प्रश्नावरून या विषयाचा पाया घातला. अमेरिकेत जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये सिम्प्लेक्स ही सर्वसाधारण रीत दिली. नागपुरात हा विषय अभियांत्रिकीच्या आणि व्यवस्थापनाच्या ‘ऑपरेशन्स रिसर्च’ या पेपरात सुरुवातीलाच येतो. आलेखाची रीत मुलांनी बारावीच्या गणितात पाहिलेली असते, त्यामुळे ती सोपी वाटते, आणि ती सोपी आहेच. गुण जातात ते आलेखाच्या आधी, वाक्याची असमिका करताना. म्हणून ही नोंद एकच उदाहरण घेऊन त्या टप्प्यावर जास्त थांबते.

उदाहरण

उदाहरण काल्पनिक आहे, पण नागपूरच्या कुठल्याही मिठाईच्या कारखान्यात शोभेल असे:

“एक मिठाईवाला संत्रा बर्फी आणि पेढा करतो. एक किलो बर्फीला ५०० ग्रॅम खवा आणि ३०० ग्रॅम संत्र्याचा गर लागतो. एक किलो पेढ्याला ८०० ग्रॅम खवा लागतो. रोज ४० किलो खवा आणि १५ किलो गर मिळतो. कारागिराला एक किलो बर्फीला १० मिनिटे आणि एक किलो पेढ्याला ८ मिनिटे लागतात. दोन कारागीर प्रत्येकी ५ तास काम करतात. गिऱ्हाईक पेढा मागतेच, म्हणून पेढा बर्फीच्या निदान निम्मा तरी असावा. किलोमागे नफा बर्फीवर ९० रुपये, पेढ्यावर ८० रुपये. जागेचे भाडे रोज ७०० रुपये. रोज किती माल करावा?”

मांडणी

पहिला प्रश्न विचारायचा तो असा: मालकाच्या हातात नेमके काय आहे? खवा किती येणार, कारागीर किती तास बसणार, हे ठरलेले आहे. तो ठरवू शकतो त्या दोनच गोष्टी: रोजची बर्फी x किलो आणि रोजचा पेढा y किलो. हे वाक्य एककासकट लिहून ठेवावे. नुसते ‘x = बर्फी’ असे लिहिले, की पुढे तो x कधी किलो, कधी खव्याचे ग्रॅम, तर कधी रुपये होऊन बसतो.

उद्दिष्ट Z = ९०x + ८०y, हे कमाल करायचे. भाड्याचे ७०० रुपये यात येत नाहीत. माल कितीही केला तरी भाडे तेवढेच, त्यामुळे ते कोणता माल किती करावा हे बदलत नाही, फक्त शेवटच्या रकमेतून वजा होते. असा एखादा आकडा परीक्षक मुद्दाम टाकतो. त्याला असमिकेत कोंबायची गरज नसते.

खव्याची मर्यादा ०.५x + ०.८y ≤ ४०, म्हणजे ५x + ८y ≤ ४००. गराची मर्यादा ०.३x ≤ १५, म्हणजे x ≤ ५०. वेळेच्या मर्यादेत डावीकडे मिनिटे आहेत, तर उजवीकडे २ × ५ = १० तास. तेही मिनिटांतच हवेत: १०x + ८y ≤ ६००, म्हणजे ५x + ४y ≤ ३००. कोणी घाईत उजवीकडे १० लिहिले, तर रेषा x अक्षाला १ किलोवर छेदते आणि खव्याची रेषा मात्र ८० वर. एक रेषा कोपऱ्यात चिमटीएवढी आणि दुसरी पानभर दिसली, की आधी एकके तपासावीत.

खरा पेच ‘निदान निम्मा’ या शब्दांत आहे. इंग्रजी पेपरात तेथे ‘ॲट लीस्ट’ असते. ‘लीस्ट’ कानावर पडले की हात ‘लहान’चे चिन्ह काढतो. मराठीत ‘किमान’ शब्दही तोच घोटाळा करतो. किमान म्हणजे खालची हद्द, त्यापेक्षा जास्त चालते, म्हणून चिन्ह ≥ चे. दुसरी चूक निम्मे कोणाचे याची. वाक्याचा कर्ता पेढा आहे, तेव्हा y डावीकडे एकटा ठेवावा आणि उजवीकडे बर्फीचे निम्मे लिहावे: y ≥ x/२.

ही असमिका उलटी झाली, म्हणजे y ≤ x/२ अशी लिहिली गेली, तर काय होते हे पाहण्यासारखे आहे. उत्तर येते सुमारे ४२.८६ किलो बर्फी, २१.४३ किलो पेढा आणि नफा ५५७१ रुपये. बरोबर मांडणीचे उत्तर ५६०० आहे. फरक फक्त २९ रुपयांचा! उत्तर इतके जवळ आणि इतके शहाणे दिसते, की ते पाहून चूक कळत नाही. ती कळते एका साध्या चाचणीने. मालकाला चालणारच नाही असा एक दिवस मनात आणावा, उदाहरणार्थ ४० किलो बर्फी आणि फक्त १० किलो पेढा. आपल्या असमिकेने तो दिवस नाकारलाच पाहिजे. १० ≥ २० खोटे, म्हणजे y ≥ x/२ त्याला नाकारते. उलटी असमिका त्याला आत घेते.

शेवटी x ≥ ० आणि y ≥ ०. ऋण बर्फी कोणी करत नाही, पण ही ओळ न लिहिणाऱ्याचा एक गुण परीक्षक हमखास कापतो.

आलेख

प्रत्येक असमिका आधी समीकरण म्हणून काढायची. खव्याची रेषा (८०, ०) आणि (०, ५०) मधून जाते, वेळेची (६०, ०) आणि (०, ७५) मधून. या दोन्हींची कोणती बाजू घ्यायची ते आरंभबिंदू टाकून कळते: ० ≤ ४००, ० ≤ ३००, म्हणून आरंभबिंदूकडची बाजू. पण y = x/२ ही रेषा आरंभबिंदूतूनच जाते, तेथे ही युक्ती चालत नाही. दुसरा बिंदू घ्यावा, जसे (०, १०). १० ≥ ० खरे, म्हणून रेषेच्या वरची बाजू.

सगळ्या बाजू एकत्र आल्या की मधे उरते ते शक्य क्षेत्र. त्याचे कोपरे चार: (०, ०), (०, ५०), (४०, २५) आणि (४२.८६, २१.४३). x = ५० ही गराची उभी रेषा या क्षेत्राला कुठेच शिवत नाही. पेढ्याची अट आणि वेळ मिळून बर्फीला आधीच ४२.८६ वर थांबवतात, म्हणून गराचे बंधन येथे अनावश्यक ठरते. रेषा तरीही काढायचीच. ती अनावश्यक आहे हे काढल्यावरच कळते.

आता ९०x + ८०y = ३६०० ही समनफा रेषा काढावी, (४०, ०) आणि (०, ४५) मधून. या रेषेवरच्या कुठल्याही मालाने नफा ३६०० च होतो. पट्टी तिला समांतर ठेवून वर सरकवत गेले, की क्षेत्र सोडताना ती शेवटी एखाद्या कोपऱ्याला, किंवा फार तर एका सबंध कडेला, शिवते. उत्तर कोपऱ्यावर शोधायचे ते यामुळेच.

मात्र येथे पट्टीवर विसंबू नये. समनफा रेषेचा उतार −१.१२५ आणि वेळेच्या रेषेचा −१.२५, म्हणजे दोन्ही जवळजवळ समांतर. १ सेंटिमीटर = १० किलो असे प्रमाण घेतले, तर शेवटचे दोन कोपरे एकमेकांपासून आडवे ३ मिलिमीटरही दूर नाहीत. बोथट पेन्सिलीने दोन्ही एकच भासतील. कोपरे समीकरणे सोडवूनच काढावेत. वेळेच्या १०x + ८y = ६०० मधून खव्याचे ५x + ८y = ४०० वजा केले, की ५x = २००, x = ४०, y = २५.

| कोपरा | Z रुपये |
|---|---|
| (०, ०) | ० |
| (०, ५०) | ४००० |
| (४०, २५) | ५६०० |
| (४२.८६, २१.४३) | ५५७१ |

तेव्हा रोज ४० किलो बर्फी आणि २५ किलो पेढा. खवा संपतो, वेळ संपतो, गर ३ किलो उरतो. भाडे वजा जाता ४९०० रुपये.

आकडे हलले तर

येथे बहुतेक वही मिटतात, पण मालकाचे प्रश्न येथून सुरू होतात. खवा एक किलो जास्त मिळाला तर? ५x + ८y = ४१० धरून पुन्हा सोडवल्यास x = ३८, y = २७.५ आणि नफा ५६२० येतो. खव्याचा भाव किलोमागच्या नफ्यात आधीच वजा आहे, म्हणून त्या जादा किलोसाठी नेहमीच्या भावावर २० रुपयांपर्यंत जास्त मोजणे परवडते. याला छायामूल्य म्हणतात. गंमत अशी, की खवा वाढला आणि बर्फी कमी झाली. कारागिरांचा वेळ तेवढाच असल्याने जादा खवा पेढ्याकडे वळतो आणि पेढ्याला लागणारी मिनिटे बर्फीतून काढावी लागतात.

वेळेचे छायामूल्य मिनिटाला ८ रुपये येते. ते पाहून कोणी म्हणेल, कारागिरांना एक तास जादा बसवू, ४८० रुपये सुटतील. तसे होत नाही. सुमारे २२ मिनिटांनंतर उत्तर (४४.४४, २२.२२) वर पोहोचते. तेथे खवा आणि पेढ्याची अट दोन्ही घट्ट बसतात, आणि उरलेल्या ३८ मिनिटांना करायला काही राहत नाही. पूर्ण तासाचा फायदा १७८ रुपयेच. छायामूल्य सांगताना ते कुठवर खरे, हेही सांगावे लागते.

भावाचेही तसेच. पेढ्याचा नफा ८० वर स्थिर असेल, तर बर्फीचा नफा ५० ते १०० च्या दरम्यान कुठेही असला तरी उत्तर ४० आणि २५ च राहते. नेमका १०० झाला, तर समनफा रेषा वेळेच्या कडेवर चपखल बसते आणि त्या कडेवरचा प्रत्येक बिंदू सारखाच चांगला, ६००० रुपयांचा. १०० च्या वर गेला, तर उत्तर (४२.८६, २१.४३) कडे सरकते.

माल तराजूने विकला जात असेल तोवर ४२.८६ किलो चालते. पण बर्फीचा नफा ११० झाला आणि माल एकेक किलोच्या बंद डब्यांतच जात असेल, तर अपूर्णांक नकोत. सवयीने जवळचा पूर्णांक घ्यावा, तर येतात ४३ आणि २१, पण तेथे पेढा निम्म्याहून कमी पडतो. दोन्ही आत बसवून ४२ आणि २२ घेतले, तर नफा ६३८०. पूर्णांकांतले सर्वांत चांगले उत्तर मात्र त्या कोपऱ्याजवळ नाहीच. ते पुन्हा ४० आणि २५ हेच आहे, ६४०० रुपयांचे.