टायरच्या साईडवॉलवरच्या वयाच्या भेगा

साईडवॉल म्हणजे टायरची उभी बाजू, जिथे कंपनीचं नाव आणि साईज लिहिलेली असते. गाडी कमी चालली, नुसती उभी राहिली, की काही वर्षांनी इथे केसासारख्या बारीक भेगा दिसायला लागतात, आधी अक्षरांच्या कडेला आणि रिमला लागून, मग गोलाकार पसरत जातात. नक्षी भरपूर शिल्लक असते, मीटरवर किलोमीटर नगण्य असतात, त्यामुळे मालकाला वाटतं टायर नवीनच आहेत की. पण टायरला दोन वयं असतात, एक किलोमीटरचं आणि एक कॅलेंडरचं, आणि उभ्या गाडीचा टायर दुसऱ्या वयाने म्हातारा होतो.

या भेगा पाडतो तो मुख्यतः हवेतला ओझोन. प्रमाण अगदी नगण्य असतं, पण रबराच्या लांब साखळ्यांमध्ये जे दुहेरी बंध असतात त्यांच्यावर तो थेट हल्ला करतो आणि साखळी तुटते. गंमत अशी की रबर ताणलेलं नसेल तर भेग पडत नाही, नुसता वरचा पापुद्रा खराब होतो. ताण असला की तुटलेली जागा उघडते, आतलं ताजं रबर ओझोनला सापडतं आणि भेग खोल जात राहते, तीही नेहमी ताणाला आडवी. उभ्या गाडीत हवा कमी झाली की टायर खाली बसतो, जमिनीजवळ साईडवॉलचा फुगवटा येतो, तिथलं रबर महिनोन्‌महिने ताणलेलंच राहतं, म्हणून भेगा रिमच्या कडेला समांतर, गोल गोल जाताना दिसतात.

मग रोज चालणाऱ्या गाडीच्या टायरला हे इतक्या लवकर का होत नाही? कारण रबर बनवतानाच त्यात एक खास मेण आणि ओझोनविरोधी रसायन मिसळलेलं असतं. टायर फिरताना साईडवॉल सतत दबते-सुटते, त्या मळण्याने हे पदार्थ हळूहळू बाहेर येऊन पृष्ठभागावर पातळ थर धरतात. जुन्या टायरवर जो तपकिरी रंग दिसतो तो बराचसा त्याचाच, त्याला घाण समजून घासून काढणारे लोक आपलंच कवच काढत असतात! गाडी उभी राहिली की हे मळणं थांबतं आणि थर नीट भरून निघत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. भेगा ही बाहेरची हकिकत आहे, आणि टायर फुटतो तो बहुतेक वेळा आतून. टायरमध्ये दाबाखाली भरलेल्या हवेतला ऑक्सिजन रबरातून हळूहळू बाहेर झिरपतो आणि जाता जाता नक्षीखालच्या स्टीलच्या पट्ट्यांच्या कडेचं रबर कडक करतो. ते कडक झालं की पकड सुटते, वेगात गरम झाल्यावर वरचा थर पट्ट्यांपासून उचकटतो. हे बाहेरून दिसत नाही. उष्णता जास्त तेवढी ही क्रिया जलद, म्हणून विदर्भातल्या उन्हात उभ्या गाडीचा टायर सावलीतल्या गाडीपेक्षा लवकर संपतो. म्हणजे भेगा दिसल्या म्हणून टायर मेलाच असं नाही, आणि नाही दिसल्या म्हणून तो ठणठणीत आहे असंही नाही. ब्रिटनमध्ये 2012 साली एका बसचा पुढचा टायर फुटून तिघे गेले, तो टायर 19 वर्षांचा निघाला, आणि तेव्हा तो वापरायला वयाची कायदेशीर आडकाठीच नव्हती. 2021 पासून तिथे ट्रक आणि बसच्या पुढच्या चाकांना 10 वर्षांपेक्षा जुना टायर चालत नाही.

वय बघायला साईडवॉलवर DOT अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. 3117 म्हणजे 2017 चा 31 वा आठवडा. बरेचदा हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात, बाहेर नाही सापडले तर आतल्या बाजूला टॉर्च मारायचा. गाडीची खरेदीची तारीख हिशेबात धरू नये, टायर त्याआधीच बनलेला असतो.

भेगा कशा बघायच्या ते एका प्रत्यक्ष गाडीवरून सांगतो. पुण्यातली एक हॅचबॅक, मालक परदेशात, पार्किंगमध्ये कव्हर घालून ठेवलेली, 2025 च्या मे मध्ये बघितली तेव्हा 19 हजार किलोमीटर. दारावरच्या स्टिकरप्रमाणे हवा 32 हवी, पुढच्या टायरमध्ये 18 निघाली. टायर काळेभोर चकचकीत, कारण धुणाऱ्याने पॉलिश मारलं होतं, आणि पॉलिशखाली भेगा बुजून जातात. म्हणून आधी साबणाच्या पाण्याने धुवून वाळवला, मग हवा पूर्ण भरली, स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून आतली बाजूही बघितली. अक्षरांतल्या भेगा वरवरच्या होत्या, नख फिरवलं तर अडकत नव्हतं. पण भिंतीकडे उन्हाची तिरीप येणारं एक चाक होतं त्यावर रिमपासून बोटभर अंतरावर सलग रेघ, नख अडकत होतं, आणि गाडी थोडी पुढे ढकलून तो भाग जमिनीजवळ फुगवट्यात आणला तर रेघ चक्क उघडत होती. आत अजून धागा दिसत नव्हता, धागा दिसला असता तर गाडी जागेवरून हलवायचीच नव्हती. साईडवॉलवर फुगा आलेला असेल तरी तेच, कारण फुगा म्हणजे आतले धागे तुटलेत. नक्षीच्या खाचांच्या तळाशीही भेगा होत्या, त्या मला साईडवॉलच्या भेगांपेक्षा जास्त खटकतात, कारण स्टीलचे पट्टे तिथून अगदी जवळ असतात.

चारही टायरचा शिक्का 3117, म्हणजे आठ वर्षांना दोन-अडीच महिने कमी. बऱ्याच गाडी कंपन्या सहा वर्षांनी बदला म्हणतात, काही टायर कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तज्ज्ञाला दाखवा आणि कितीही चांगला दिसला तरी दहाला काढा म्हणतात. सहा आणि दहा वर्षांच्या मधला टायर असेल तर भेगा आणि ठेवण यावर ठरवायचं, आणि इथे दोन्ही विरुद्ध गेले होते, त्यामुळे चारही बदलले. मालकाचं म्हणणं होतं की स्टेपनी एकदाही वापरलेली नाही, एक पैसा तरी वाचेल. स्टेपनीवर एक भेग नव्हती, डिकीच्या अंधारात पडून होती ना! शिक्का मात्र 3017, म्हणजे बाकीच्यांपेक्षा एक आठवडा मोठीच. ती पंक्चरच्या दुकानापर्यंत हळू जायला ठेवली, मुख्य चाकाला नाही.

टायर सहा वर्षांच्या आतला असेल आणि भेगा फक्त वरवरच्या असतील तर हवा भरून पंधरा-वीस किलोमीटर सावकाश चालवून बघायचं. उभं राहून चपटा झालेला भाग सुरुवातीला ठकठक करतो, टायर गरम झाला की तो आवाज बहुतेक जातो. गरम होऊनही ठोका राहिला, स्टेअरिंग डुलायला लागलं किंवा बॅलन्सिंग करूनही थरथर गेली नाही, तर पट्टा सुटत असल्याची शंका घ्यायची आणि समृद्धीसारख्या काँक्रीटच्या रस्त्यावर 120 ने न्यायचा विचार सोडायचा. कमी हवा, भरलेली गाडी, तापलेला रस्ता आणि तासभर एकसारखा वेग, हे एकत्र आलं की म्हातारा टायर जातो. गल्लीत भाजी आणायला तोच टायर वर्षभर काही न बोलता चालतो, म्हणून तर लोक फसतात.

आणि भेगांवर कुठलंही क्रीम, रबर सोल्युशन लावून टायर परत तरुण होत नाही. उभ्या गाडीला करण्यासारखं एवढंच, दर महिन्याला हवा बघणं, कारण महिन्याला एक-दोन पीएसआय आपोआप जातेच, आणि पंधरा दिवसांतून एकदा टायर गरम होईल इतकी चक्कर मारणं, नुसतं इंजिन चालू करून जागेवर ठेवणं नाही.